अम्मीसाठी मोठ्या अक्षरांची, हलकी पुस्तके

आमची अम्मी आता ७८ वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने ३१ वर्षे मराठी शिकवले. रोज दोन वेळा वाचायचे हा तिचा जुना रिवाज. फज्रनंतर कुरआनची तिलावत आणि दुपारी जेवण झाल्यावर एखादे मराठी पुस्तक. रमजानमध्ये तिचा एक खतम ठरलेला असतो. अब्बांच्या इंतकालानंतर तो खतम ती त्यांच्या इसाले सवाबसाठी करू लागली आणि एकही वर्ष तिने खंड पडू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी रमजानला महिनाभर उरला असताना ती आम्हा भावंडांना म्हणाली, "या वर्षी कुणीतरी वाचा रे, मी ऐकेन. माझ्याच्याने आता होत नाही."

ऐकण्याची सोय घरात होतीच. आपाने मोबाईलवर तिलावत लावून दिली. अम्मी दोन दिवस ऐकत बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "छान वाचतात, पण हे त्यांचं वाचणं झालं. तुमच्या अब्बांसाठी मी काय केलं?" यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. तिला स्वतःला वाचता येईल असे काही शोधणे एवढेच आमच्या हाती होते. त्या शोधात जे कळले ते इथे लिहीत आहोत, कारण अशी अम्मी, अब्बा, दादी किंवा नाना बहुतेक घरांत आहेत.

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशने पूर्वीच झाली होती, चष्म्याचा नंबरही बरोबर होता. डॉक्टरांनी डोळ्यात औषध टाकून पडदा तपासला आणि सांगितले की वयामुळे पडद्याच्या मधल्या भागाची झीज होत आहे. याला मॅक्युलर डिजनरेशन म्हणतात. यात कडेचे दिसते, पण जिथे नजर रोखावी तिथलेच पुसट होते. म्हणून अम्मीला दारातून कोण आले ते कळे, पण ओळीतला शब्द हाती लागत नसे. ही झीज चष्म्याने भरून येत नाही. मात्र अक्षर मोठे असेल आणि उजेड नीट पडत असेल तर झीज न झालेला भाग वापरून वाचता येते.

पुस्तके घेण्याआधी ही तपासणी का हवी, तेही तिथेच समजले. काचबिंदूत याच्या उलट होते. कडेची नजर जाते आणि मधली उरते, जणू नळीतून पाहिल्यासारखे. अशा माणसाला फार मोठे अक्षर दिले तर त्या नळीत दोन-तीनच अक्षरे मावतात आणि वाचन आणखी हळू होते. त्याला मध्यम अक्षर, गडद शाई आणि भरपूर उजेड बरा. म्हणजे "जितके मोठे तितके चांगले" हा नियम सर्वांना लागू नाही. कोणता डोळा, कोणता आजार, हे कळल्याशिवाय पुस्तकाच्या दुकानात जाण्यात अर्थ नाही.

आता मोठे म्हणजे किती मोठे? चौकातल्या डीटीपीवाल्याकडून आम्ही एक कागद तयार करून घेतला. दहा-बारा शब्दांची वाक्ये, प्रत्येक वाक्य वेगळे, म्हणजे पाठ झालेले वाचले जाणार नाही. पहिले ८ पॉइंटात, मग १०, १२, १४, १६, १८, २० आणि २४. अम्मीला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवले, वाचायचा चष्मा लावला, दिवा मागच्या बाजूने डाव्या खांद्यावरून घेतला. तिचा डावा डोळा त्यातल्या त्यात बरा आहे. कागद डोळ्यांपासून साधारण सव्वा फुटावर धरला आणि मोठ्या अक्षरांकडून लहानाकडे वाचायला सांगितले.

८ पॉइंटाचे वाक्य तिला मुळीच लागले नाही. १० पॉइंटाचे एकेक शब्द जोडत कसेबसे लागले. १४ ला ती वाचत होती, पण दर तीन शब्दांनी थांबत होती. १८ ला थांबणे कमी झाले. २० ला ती वर्गात धडा वाचून दाखवायची तशी वाचू लागली. २४ ला वेग आणखी वाढला नाही, उलट ओळ लवकर संपत असल्यामुळे नजर सारखी मागे न्यावी लागली. अंधुक दिसणाऱ्यांना तपासणारे लोक एक साधा हिशेब सांगतात: माणसाला कसेबसे लागणारे सर्वांत लहान अक्षर जेवढे, त्याच्या दुप्पट अक्षर सलग वाचायला सोयीचे. अम्मीचे लहानात लहान १० होते आणि सोयीचे २० निघाले. इंग्रजीत मोठ्या टायपाची म्हणून जी पुस्तके निघतात ती बहुधा १६ ते १८ पॉइंटांची असतात. ती तिला थोडी कमीच पडली असती.

पण दुकानात ठेवलेल्या पुस्तकावर पॉइंट लिहिलेला नसतो. शिवाय देवनागरीचे फाँट वेगवेगळे, त्यामुळे एकाचे १६ दुसऱ्याच्या १८ एवढे दिसते. म्हणून आम्ही पट्टी लावली. चाचणीच्या कागदावर २० पॉइंटातला 'म' शिरोरेघेपासून पायापर्यंत ४ मिलिमीटर भरला. घरातल्या नेहमीच्या पुस्तकांतला 'म' अडीच मिलिमीटरच्या आसपास होता. तेव्हापासून आपाच्या पर्समध्ये एक छोटी पट्टी असते. पुस्तक उघडायचे आणि 'म' मोजायचा. ४ असेल तर पुढे बघायचे.

पुढे बघायचे म्हणजे अक्षराचा घाट बघायचा. आपल्या लिपीत घ आणि ध, भ आणि म, प आणि ष, थ आणि य ही अक्षरे एखाद्या लहानशा वळणाने किंवा रेघेने वेगळी होतात. काही फाँटांत ती रेघ केसासारखी बारीक असते. अक्षर मोठे असूनही अम्मीला 'घर' आणि 'धर' यांत फरक दिसेना, तो याच कारणाने. सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या असलेला फाँट तिला लगेच लागला. फार ठसठशीत अक्षरही चालत नाही, कारण त्यातल्या पोकळ्या बुजतात. दोन ओळींमधली जागाही महत्त्वाची. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या मात्रा वर चढतात. त्या एकमेकांना भिडल्या की नजर ओळ चुकते. उकार आणि मात्रा यांच्यामध्ये पांढरी पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. आणि कागद चकचकीत नको. गुळगुळीत कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि तेवढा भाग तिला दिसतच नाही. किंचित पिवळसर, बिनचमकीचा, मागच्या पानाची अक्षरे न दाखवणारा कागद चांगला.

इथपर्यंत डोळ्यांचे झाले. यानंतर हात आला.

त्याच सुमारास आमच्या मामांनी उमराहून येताना अम्मीसाठी मोठ्या अक्षरांचा मुसहफ आणला. सुंदर छपाई, पुठ्ठ्याची भक्कम बांधणी. अम्मीने तो डोळ्यांना लावला, दोन दिवस वाचला आणि मग तो कपाटात मानाने ठेवला गेला. आपाने कारण विचारले तेव्हा तिने नुसता उजवा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. संधिवात तिला दहा वर्षांपासून आहे. आम्ही तो मुसहफ स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सव्वादोन किलो भरला. मग घरातली एकेक पुस्तके तिच्या हातात देऊन पाहिली आणि घड्याळ लावले. पाव किलोपर्यंतचे पुस्तक ती अर्धा तास सहज धरत होती. अर्धा किलोचे दहा मिनिटांत मांडीवर येत होते. मांडीवर आले की अक्षर डोळ्यांपासून दूर जायचे आणि २० पॉइंटाचा सगळा फायदा तिथेच संपायचा.

अक्षर मोठे केले की पुस्तक जड होणारच, यातून सुटका नाही. हिशेब साधा आहे. १२ पॉइंटाचे अक्षर २० केले तर ते उंचीला पावणेदोन पटींच्या जवळ जाते आणि रुंदीलाही तेवढेच. म्हणजे तोच मजकूर पावणेतीन पट जागा घेतो. नेहमीच्या आकाराचे २४० पानी पुस्तक साडेसहाशे पानांच्या पुढे जाते. इंग्लंडमध्ये १९६४ साली फ्रेडरिक थॉर्प यांनी वृद्ध वाचकांसाठी मोठ्या अक्षरांची पुस्तके काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याही पुढे हाच पेच आला. पहिली पुस्तके एवढी मोठी आणि जड होती की म्हाताऱ्या हातांना ती पेलत नव्हती. पुढे त्यांना आकार लहान करावा लागला.

या पेचावरची तोड आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. कुरआनखानीला मशिदीतून किंवा शेजारून जी पेटी आणतो, ती तीस सिपाऱ्यांची. एकाच वेळी अनेकांना वाचता यावे म्हणून मुसहफ तीस पातळ पुस्तकांत वाटलेला असतो. तोच संच एकट्या म्हाताऱ्या माणसालाही उपयोगी पडतो. आम्ही मोठ्या अक्षरांचा सिपारा-संच शोधायला निघालो.

तिथे दुकानदार पहिला प्रश्न विचारतात, "किती ओळींचा हवा?" आपल्याकडे एका पानावर तेरा, पंधरा, सोळा ओळी असलेल्या प्रती मिळतात आणि तेरा ओळींची प्रत मोठ्या अक्षरांची समजली जाते. पण ओळींची संख्या एकटी काही सांगत नाही. लहान आकाराच्या तेरा ओळींच्या प्रतीतले अक्षर मोठ्या आकाराच्या पंधरा ओळींच्या प्रतीपेक्षा बारीक असू शकते. इथेही पट्टीच कामाला आली. एका ओळीच्या बैठकीपासून पुढच्या ओळीच्या बैठकीपर्यंतचे अंतर मोजायचे. अम्मीला दीड सेंटिमीटर अंतराचा सिपारा सोयीचा पडला. सव्वा सेंटिमीटरच्या प्रतीत जेर-जबर तिला दिसत होते, पण नुक्ते मोजताना ती अडत होती.

दुसरी गोष्ट लिपीची. मामांनी आणलेला मुसहफ मदिनेच्या छपाईचा होता. अम्मी लहानपणी मोहल्ल्यातल्या मकतबात कायदा शिकली ती आपल्याकडच्या लिपीत. दोन्हींतला कलाम एकच, पण खुणा लिहिण्याची पद्धत वेगळी. लांब ईकार असेल तिथे आपल्या लिपीत 'ये'वर जज्म असते, मदिनेच्या प्रतीत ती 'ये' कोरी असते. जज्मचा आकारही वेगळा. नजर चांगली असलेला माणूस चार दिवसांत सरावतो. अंधुक दिसणारा माणूस मात्र अर्धे अक्षर बघतो आणि अर्धे आठवणीने भरून काढतो. आठवणीतली खूण आणि कागदावरची खूण जुळली नाही की तो अडखळतो, आणि कुरआन वाचताना अडखळले की अम्मी आयत पहिल्यापासून घेते. म्हणून अक्षर कितीही मोठे असले तरी ज्या लिपीत माणूस शिकला तीच प्रत घ्यावी.

तिसरी गोष्ट रंगांची. तजवीदसाठी रंगीत अक्षरे असलेल्या प्रती हल्ली पुष्कळ मिळतात आणि शिकणाऱ्या मुलांना त्या उपयोगी आहेत. अम्मीला मात्र फिकट हिरवी आणि गुलाबी अक्षरे कागदात विरघळल्यासारखी दिसत होती. शब्दाच्या मधलेच अक्षर गायब व्हायचे. एकाच काळ्या शाईची प्रत तिला बरी पडली. रुंद नक्षीचा हाशियाही नको, तो पानाची जागा खातो आणि अक्षर लहान करतो.

शेवटी तेरा ओळींचा, आपल्या लिपीतला, काळ्या शाईचा संच मिळाला. पान साधारण १८ बाय २५ सेंटिमीटरचे, एका सिपाऱ्यात २८ पानांच्या आसपास, मध्ये दोन पिना मारलेल्या. काट्यावर एक सिपारा ७० ग्रॅम भरला. हीच सगळी पाने एका बांधणीत घेतली तर दीड किलोच्या वर जातात. म्हणजे अक्षराला हात न लावता हातातले वजन विसाव्या हिश्शाहून कमी झाले.

मराठी पुस्तकांचे काय करायचे हा प्रश्न उरला. मोठ्या अक्षरांची मराठी पुस्तके दुकानात मिळतात ती मुख्यतः लहान मुलांची. पोथ्यांचे टाइप मोठे असतात, पण अम्मीला वाचायच्या होत्या तिच्या आवडीच्या कथा-कादंबऱ्या. यासाठी दोन वाटा सापडल्या.

पहिली झेरॉक्सची. मशिनवर १४१ टक्के अशी एक ठरलेली खूण असते. ए-फाइव्ह पान त्या मापाने वाढवले की बरोबर ए-फोर होते. अशा प्रतीत १४ पॉइंटाचे अक्षर २० जवळ जाते, १२ पॉइंटाचे मात्र १७ वरच थांबते. म्हणून ही वाट मुळात जरा मोठा टाइप असलेल्या पुस्तकालाच चालते. प्रत काढताना पानामागे काळा कागद ठेवायला सांगावे, म्हणजे मागच्या बाजूची अक्षरे उमटत नाहीत. बांधणीकडचा भाग नीट दाबला नाही तर तिथे काळी सावली येते आणि ओळींची टोके त्यात बुडतात. एक पान काढून, घरी नेऊन, त्याच दिव्याखाली वाचून बघावे आणि मगच पूर्ण पुस्तक द्यावे.

इथे हक्काचाही प्रश्न येतो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे आपल्याकडे कॉपीराइट राहतो. त्यानंतर पुस्तक सर्वांचे होते. चालू कॉपीराइटच्या पुस्तकांसाठीही २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात सोय केली आहे की अपंगत्व असलेल्या व्यक्तीला वाचता यावे म्हणून तिच्या वैयक्तिक वापरासाठी सुलभ स्वरूपातली प्रत करता येते. ती विकण्यासाठी नाही. अम्मीचे दृष्टीबाबतचे डॉक्टरांचे कागद आम्ही एका फाइलमध्ये ठेवले आहेत. झेरॉक्सवाल्याने विचारले तर तेच दाखवतो.

दुसरी वाट म्हणजे पुस्तक नव्याने मांडून घेणे. साने गुरुजींचे निधन १९५० चे, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून मोकळे झाले आहे. अम्मीने ते वर्गात किती वेळा वाचून दाखवले असेल याची गणती नाही. टाइप केलेला मजकूर मिळवून डीटीपीवाल्याकडे २० पॉइंटात, सारख्या जाडीच्या फाँटात मांडून घेतला. ओळी डावीकडून सरळ ठेवल्या, उजवी कड मोकळी सोडली. दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये मोठी भोके पडतात आणि अम्मीला ओळ तिथेच संपली असे वाटते. पाने झाली साडेसहाशेच्या पुढे. एकत्र बांधले असते तर वजन पाऊण किलोच्या वर गेले असते. ते पुस्तक रात्रीरात्रींनी मांडलेले आहे, त्यामुळे कुठे तोडायचे हा प्रश्न आपोआप सुटला. पाच-सहा रात्रींचा एक भाग, असे आठ भाग केले. प्रत्येक भाग ए-फोर कागद मधोमध दुमडून, पिना मारून केलेला, ८० च्या आसपास पानांचा आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. प्रकरणाच्या मध्ये तोडायचे नाही एवढे मात्र पाळावे. अर्ध्या वाक्यावर भाग संपला तर पुढचा भाग शोधेपर्यंत वाचणारा कंटाळतो.

पिनांचा आग्रह का, तेही सांगायला हवे. पाठीला डिंक लावून केलेली बांधणी उघडी धरायला दोन्ही अंगठ्यांनी दाब द्यावा लागतो. सोडले की पुस्तक मिटते आणि आतल्या बाजूची अक्षरे घडीत जातात. संधिवाताच्या हाताला वजनापेक्षा हा दाब जास्त दुखतो. पिनांची पातळ वही टेबलावर आपोआप उघडी राहते. ८० पानांच्या पुढे गेले की पिना नीट बसत नाहीत आणि मधली पाने बाहेर येतात, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. तारेची गोल बांधणीही करून पाहिली. ती पूर्ण मागे दुमडते, त्यामुळे धरायला सोपी, पण तारेचे टोक अम्मीच्या ओढणीत अडकू लागले. टोके आत वळवून घेतली तर ती चालेल.

धरावेच लागू नये याचीही सोय घरात होती: रेहल. पण रेहल जमिनीवर बसणाऱ्यासाठी केलेली असते. अम्मी गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसते, त्यामुळे टेबलावर ठेवलेली रेहलही तिला खाली पडे आणि मान वाकवावी लागे. रेहलीखाली एक लाकडी खोके ठेवले, तेव्हा पान तिच्या चेहऱ्यासमोर फूट-सव्वा फुटावर आले. आता हात फक्त पान उलटायला लागतो.

भाग केले की ते हरवतात आणि क्रम बिघडतो. सिपाऱ्यांच्या मुखपृष्ठावरचा क्रमांक नक्षीत दडलेला असतो आणि तो अम्मीला दिसत नसे. आम्ही पांढऱ्या कागदावर ठसठशीत काळे आकडे छापून प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात लावले, दोन बोटे उंचीचे. संच पेटीत आडवा रचला तर खालचा काढायला वरचे सगळे उचलावे लागतात. म्हणून सिपारे खुर्चीजवळच्या फळीवर, कमरेच्या उंचीला, उभे ठेवले. चालू सिपाऱ्यात रुंद हिरवी फीत असते.

चाचणीचा तो कागद आम्ही फेकला नाही. दर तीन महिन्यांनी, तीच खुर्ची, तोच दिवा ठेवून, नवी वाक्ये घालून अम्मीला वाचायला देतो. कसेबसे लागणारे अक्षर १० वरून १२ वर गेले तर पुढचे भाग २४ पॉइंटात काढायचे, हे ठरलेले आहे. त्याच वेळी एकेक डोळा झाकून तिला वहीच्या चौकटीच्या कागदाकडे बघायला सांगतो. डॉक्टरांनी बजावले आहे की सरळ रेघा अचानक वाकड्या दिसू लागल्या किंवा मध्ये काळा डाग आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचे. या झिजेचा एक प्रकार असा आहे की त्यात पडद्यामागे रक्त किंवा पाणी झिरपते आणि वेळेवर इंजेक्शने मिळाली तर उरलेली नजर वाचवता येते. तिथे मोठ्या अक्षरांची पुस्तके आणत बसणे म्हणजे वेळ घालवणे.

गेल्या रमजानमध्ये अम्मीने खतम केला. रोज एक सिपारा तिला एका बैठकीत झेपत नाही. फज्रनंतर अर्धा आणि असरनंतर अर्धा, असे तिने केले. शेवटचे दोन दिवस ती थकली होती, तेव्हा आपा शेजारी बसून पान उलटत होती, वाचत मात्र अम्मीच होती. सत्ताविसाव्या रात्री तिने अब्बांसाठी दुआ केली आणि आम्हाला मिठाई आणायला सांगितले.

'श्यामची आई'चे सात भाग वाचून झाले आहेत. आठवा डीटीपीवाल्याकडे अडकला आहे, कारण त्याच्याकडे सध्या लग्नपत्रिकांची गर्दी आहे. अम्मीने काल आम्हाला विचारले, "त्याला सांगितलंत का, की एक म्हातारी बाई वाट बघतेय म्हणून?" उद्या भाऊ स्वतः त्याच्या दुकानात जाऊन बसणार आहे.